मेथोट्रेक्सेट रोज लिहिलंय? डॉक्टरांना पत्र कसं पाठवायचं

ठाण्यात कोपरीला माझं मेडिकल आहे. मागे संधिवाताच्या एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या, त्यावर मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ, १-०-०, ३० दिवस. आता संधिवातात ही गोळी साधारण ७.५ ते २५ मिग्रॅ देतात, पण आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर आठवड्याला १०५ मिग्रॅ होतात, तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, जीवावर बेततं. सगळ्या गोळ्यांपुढे १-०-० लिहायची सवय असते ना, त्या ओघात असं होतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे ती गोळी द्यायची नाही, आणि चिठ्ठीवर स्वतः पेन चालवायचं नाही. आधी क्लिनिकला फोन, आणि फोन लागला तरी पत्र पाठवायचंच, कारण तोंडी दुरुस्तीचा कागद कुठेच राहत नाही आणि पेशंटच्या हातात जुनीच चिठ्ठी राहते, ती घेऊन ते पुढच्या दुकानात जाणार.

पत्र कोणी लिहायचं? रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच, सहीखाली महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचा नोंदणी नंबर आणि दुकानाचा फोन टाकून. सोबत चिठ्ठीची झेरॉक्स लावा, आणि पेशंटकडे असतील तर जुनी चिठ्ठी किंवा बिल आणि सीबीसी, क्रिएटिनिनचे रिपोर्ट. क्रिएटिनिन यासाठी की हे औषध मुख्यतः किडनीतून बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर नेहमीचा डोससुद्धा जड जातो.

मजकूर छोटा ठेवा. मी असं लिहिलं होतं:

"सर, आपल्या आजच्या चिठ्ठीत मेथोट्रेक्सेट १५ मिग्रॅ १-०-०, ३० दिवस असं आहे. पेशंटचा आजार संधिवात, आधीच्या चिठ्ठीत हीच गोळी आठवड्यातून एकदा होती. आपल्याला साप्ताहिक डोस अपेक्षित आहे का? असल्यास वार आणि एकूण गोळ्या लिहून सही-तारखेची नवी चिठ्ठी द्यावी. तोपर्यंत ही गोळी दिलेली नाही."

चिठ्ठीतली ओळ जशीच्या तशी उतरवा, "डोस जास्त वाटतो" असं मोघम लिहिलं तर घाईत "ठीक आहे, द्या" असं उत्तर येतं. चूक कोणाची हे लिहू नका, प्रश्न विचारा. पत्र क्लिनिकमध्ये देऊन आपल्या कॉपीवर मिळाल्याची सही घ्या. पेशंटला घाबरवायचं नाही, "डॉक्टरांशी बोलून सांगतो, तोवर घरात शिल्लक असेल तीही रोज घेऊ नका" एवढं मात्र स्पष्ट सांगायचं, आणि आधीच रोज घेतली असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं, तिथे पत्राची वाट बघायची नाही.

उत्तर आलंच नाही तर? गोळी द्यायची नाही, पत्राच्या कॉपीसकट पेशंटला परत डॉक्टरांकडे पाठवायचं.

काकूंची नवी चिठ्ठी संध्याकाळी आली: दर रविवारी १, एकूण ४ गोळ्या, फॉलिक ॲसिड बुधवारी. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त रविवार" लिहिलं आणि काकूंकडून वाचून घेतलं.