निवृत्तिवेतन, ऐच्छिक अल्प-अंशदायी (मराठवाडा)

ज्यांना मालकाकडून भविष्य निर्वाह निधी मिळत नाही अशा स्वयंरोजगारी व असंघटित कामगारांनी दरमहा थोडी रक्कम भरून साठीनंतर ठरावीक निवृत्तिवेतन मिळवण्याची व्यवस्था. मराठवाड्यात ऊसतोड मजूर, शेतमजूर, बांधकामावरील बिगारी, हातगाडीवाले व छोटे दुकानदार हे तिचे मुख्य सभासद होत. येथे प्रामुख्याने अटल पेन्शन योजनेचा आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या अंगाने तिच्या प्रत्यक्ष लाभाचा विचार केला आहे.

उगम : या कल्पनेच्या उगमाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असे की, डॉ. एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील, वृद्धांच्या सामाजिक व आर्थिक सुरक्षेवरील ‘ओअॅसिस’ प्रकल्पाने जानेवारी २००० च्या अहवालात तिची मांडणी प्रथम केली. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, परवडेल तेवढा भरणा आणि टपाल कार्यालये व बँका यांच्यामार्फत संकलन ही त्या अहवालाची सूत्रे होत. दुसरे मत राज्यांच्या प्रयोगांकडे बोट दाखवते. पश्चिम बंगालमध्ये २००१ च्या सुमारास कामगाराने महिन्याला २० रुपये भरावेत व तेवढेच राज्याने घालावेत, अशी भविष्य निधी योजना निघाली होती. अर्जुन सेनगुप्ता आयोगाच्या २००६ मधील सामाजिक सुरक्षा अहवालानेही कामगार, मालक आणि शासन यांच्या एकत्रित अंशदानाचा पुरस्कार केला.

ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण दिसत नाही. खात्याची रचना ‘ओअॅसिस’मधून आणि सरकारी वाट्याची कल्पना राज्यांच्या अनुभवातून आली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. २०१० मधील स्वावलंबन योजनेत हे दोन्ही घटक एकत्र आले. वर्षाला १,००० ते १२,००० रुपये भरणाऱ्याला केंद्र शासन १,००० रुपये देत असे. मात्र साठीनंतर किती रक्कम मिळेल याची हमी नव्हती. ती हमी ९ मे २०१५ रोजी सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेने दिली. पुढे २०१९ मध्ये प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना आली. तिच्यात शासन सभासदाइतकाच हप्ता भरते, पण तिची लाभरचना निराळी आहे.

लाभाचे स्वरूप : अटल योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या, बचत खाते असलेल्या व्यक्तीला सहभागी होता येते. ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्यांना नव्याने प्रवेश नाही. निवृत्तिवेतन महिना १,००० ते ५,००० रुपये, अशा पाच टप्प्यांत निवडता येते. उदाहरणादाखल तिसाव्या वर्षी ३,००० रुपयांचा टप्पा घेणारा कामगार पाहू. त्याचा हप्ता महिना ३४७ रुपये पडतो आणि तीस वर्षांत तो साधारण १ लाख २५ हजार रुपये भरतो. साठीनंतर त्याला हयातभर महिना ३,००० रुपये मिळतात. त्याच्यामागे पत्नीला तेवढेच निवृत्तिवेतन चालू राहते आणि दोघांच्या पश्चात वारसाला ५ लाख १० हजार रुपये मिळतात.

त्याच वयाला श्रमयोगी मानधनचा हप्ता १०५ रुपये आहे आणि निवृत्तिवेतनही ३,००० रुपयेच. त्यामुळे ही योजना फारच स्वस्त वाटते. पण येथे पत्नीला निम्मे, म्हणजे १,५०० रुपये मिळतात आणि दोघांच्या पश्चात वारसाला काहीच मिळत नाही; शिल्लक रक्कम योजनेच्याच निधीत जमा होते. मुलांसाठी काही मागे राहावे अशी इच्छा असणाऱ्याने हा फरक हप्ता ठरवण्याआधीच समजून घ्यायला हवा. नोंदणीच्या वेळी तो क्वचितच सांगितला जातो, आणि ही उणीव गंभीर आहे.

दोन्ही योजनांची मोठी मर्यादा अशी की, ठरलेली रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. वर्षाला ५ टक्के महागाई धरली, तर तीस वर्षांनंतरच्या ३,००० रुपयांत आजच्या जेमतेम ७०० रुपयांचा माल येईल. अटल योजनेत बहुसंख्य सभासद १,००० रुपयांचा टप्पा घेतात; त्याची किंमत याच हिशेबाने आजच्या सव्वादोनशे-अडीचशे रुपयांएवढी भरते. अटल योजनेत वर्षातून एकदा टप्पा वाढवता येतो. मात्र वय वाढल्यावर त्या वाढीसाठी जास्त रक्कम भरावी लागते.

ऊसतोड आणि हप्ता : अटल योजनेतील हप्ता दरमहा खात्यातून आपोआप कापला जातो. ऊसतोड कुटुंबाची मिळकत तशी येत नाही. धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागातील जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. उचल बहुधा रोख मिळते आणि लग्न, दवाखाना किंवा जुनी देणी यांत आधीच संपते. हंगामात मजुरी उचलीत वळती होत राहते, त्यामुळे गावाकडच्या बँक खात्यात महिनोन्‌महिने भर पडत नाही.

अशा वेळी वरील सभासदाचे नोव्हेंबर ते मार्च हे पाच हप्ते थकतात. बाकी १,७३५ रुपये होते आणि तीवर शंभर रुपयांमागे महिना एक रुपया या दराने विलंबशुल्क चढते. एप्रिलमध्ये खात्यात पैसे येताच, मग ते मजुरीचे असोत वा अनुदानाचे, बँक सगळी थकबाकी एकदम कापून घेते. पासबुकात ती रक्कम पाहून ‘पैसे गेले’ असे म्हणत खाते बंद करायला येणारे बरेच असतात. मुदतीपूर्वी स्वेच्छेने बाहेर पडल्यास स्वतःची रक्कम व तिच्यावरील प्रत्यक्ष उत्पन्न, खर्च वजा करून, परत मिळते. २०१५-१६ मध्ये सहभागी झालेल्या पात्र सभासदांच्या खात्यात शासनाने पाच वर्षे टाकलेला वाटा मात्र मिळत नाही आणि ३,००० रुपयांची हमीही संपते.

यावर नियमांतच एक सोय आहे, पण ती फारशी वापरली जात नाही. हप्ता तिमाही किंवा सहामाहीही भरता येतो. सहामाही हप्ता दोन हजारांच्या थोडा वर जातो. एप्रिलमध्ये सहभागी होऊन सहामाही पद्धत निवडली, तर एक हप्ता गावी परतल्यावर आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये, उचल हातात असताना येतो. उचल हे कर्जच असल्याने दुसरा हप्ता कर्जातून भरला जातो, हे नाकारता येत नाही. तरीही पाच महिन्यांची थकबाकी साचत नाही. पद्धत बदलण्याचा अर्ज ज्या शाखेत खाते असेल तेथे द्यावा लागतो. हप्ता खरोखर जमा झाला की नाही, हे पासबुकातील कपातीवरून पूर्ण कळत नाही. त्यासाठी ‘प्रान’ या बारा अंकी निवृत्तिवेतन क्रमांकाच्या खात्याचा उतारा पाहावा.

वयाची नोंद आधारवरून घेतली जाते. पुष्कळ मजुरांच्या आधारवर १ जानेवारी ही अंदाजे जन्मतारीख असते. तिच्यातील एक-दोन वर्षांच्या फरकाने हप्ता वाढतो आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला माणूस पात्रच राहत नाही.

स्त्रिया : ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो व हिशेब पुरुषाच्या नावावर होतो. स्त्री स्वतंत्र खाते उघडू शकते. तसे केल्यास तिला स्वतःचे निवृत्तिवेतन मिळते आणि पतीच्या पश्चात त्याचेही. प्रत्यक्षात तिचे नाव बहुधा पतीच्या खात्यावरील वारस म्हणूनच असते. अविवाहित असताना खाते उघडलेल्या मुलाच्या खात्यावर आईवडिलांपैकी कोणाची नोंद असेल, तर लग्नानंतर पत्नीचा तपशील भरून घेणे आवश्यक असते.

अन्य योजनांशी संबंध : राज्य शासनाची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना अंशदायी नाही. तीत ६५ वर्षांवरील निराधारांना महिना १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. महिना ३,००० रुपयांचे निवृत्तिवेतन वर्षाला ३६,००० रुपये होते, म्हणजे या मर्यादेच्या बरेच वर जाते. १,००० रुपयांचे निवृत्तिवेतन तिच्या आत बसते.