अ‍ॅलर्जीच्या रिपोर्टमधला शेवटचा रकाना

स्किन प्रिक टेस्टचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर सर्वांत मोठ्या आकड्यावर जाते. शेंगदाण्यासमोर ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की घरातून चिक्की आणि दाण्याचं कूट हद्दपार होतं. पण हा रिपोर्ट वाचायची सुरुवात वरच्या दोन ओळींपासून करावी लागते आणि निर्णय शेवटच्या रकान्यात होतो.

तपासणी तशी सोपी असते. हाताच्या आतल्या बाजूला, कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, किमान दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतरावर संशयित पदार्थांच्या अर्कांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून लॅन्सेटने त्वचेला हलकं टोचतात. त्या पदार्थाविरुद्धच्या आयजीई प्रतिपिंडांनी तिथल्या मास्ट पेशी सज्ज असतील, तर त्या हिस्टामिन सोडतात आणि पित्त उठल्यासारखी गांध येते. पंधरा ते वीस मिनिटांनी ती मोजतात. भोवतीची लाली त्यात धरत नाहीत, फक्त फुगलेला भाग मोजतात. गांध क्वचितच गोल असते, म्हणून सर्वांत लांब व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास घेऊन सरासरी काढतात. काही ठिकाणी पेनाने कडा आखून, त्यावर पारदर्शक टेप दाबून तो ठसा कागदावर चिकटवतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण मापाबद्दल शंका आली तर वर्षभरानंतरही पुन्हा पट्टी लावून बघता येतं.

समजा, नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका चौतिशीतल्या बाईंना वर्षभर सकाळी अंथरूण झटकताना शिंका येतात, नाक वाहतं आणि पावसाळ्यात त्रास वाढतो. त्यांचा तक्ता असा:

| थेंब | व्यास (मिमी) | सरासरी | निगेटिव्ह वजा करून | लक्षणांशी संबंध |
|---|---|---|---|---|
| निगेटिव्ह कंट्रोल | १ × १ | १ | – | – |
| हिस्टामिन | ६ × ५ | ५.५ | ४.५ | – |
| धुळीतले माइट | ९ × ७ | ८ | ७ | आहे |
| गाजरगवताचे परागकण | ५ × ५ | ५ | ४ | अजून अनिश्चित |
| अल्टरनेरिया बुरशी | ४ × ३ | ३.५ | २.५ | – |
| शेंगदाणा | ५ × ४ | ४.५ | ३.५ | नाही, नेहमी खातात |

निगेटिव्ह कंट्रोलमध्ये अर्क नसतो, नुसतं द्रावण असतं. तरीही काहींची त्वचा टोचण्यानेच फुगते, म्हणून ते माप बाकीच्यांतून वजा करायचं. उरलेला आकडा ३ मिमी किंवा जास्त असेल तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. इथे बुरशीची गांध साडेतीन मिमीची दिसते, पण वजाबाकीनंतर ती निगेटिव्ह ठरते.

हिस्टामिनचा थेंब उलटी खात्री देतो. इथे गांध यायलाच हवी, किमान ३ मिमीची. ती आली नाही तर सगळा तक्ता रद्द समजावा. त्याला ‘कशाचीच अ‍ॅलर्जी नाही’ म्हणू नये. याचं नेहमीचं कारण म्हणजे सर्दीची गोळी. सेटिरिझिनसारखी, हिस्टामिनचा परिणाम रोखणारी औषधं साधारण आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून, बंद करावी लागतात. ती सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्यांतही असतात आणि रुग्णाला ते ठाऊक नसतं. ज्या रिपोर्टमध्ये या दोन ओळी नाहीत आणि मिलिमीटरऐवजी नुसते ‘++’ आहेत, त्यावरून मी कुणाचाही आहार बदलणार नाही.

आता शेवटचा रकाना. गांध आली याचा अर्थ शरीरात आयजीई तयार आहे, एवढाच. गांध जितकी मोठी तितकी खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते, पण त्रास किती तीव्र होईल हे त्यावरून कळत नाही. या बाई उपवासाची साबुदाणा खिचडी भरपूर कूट घालून खातात आणि त्यांना काहीही होत नाही. काही परागकणांतली प्रथिनं शेंगदाण्यातल्या प्रथिनांसारखी असतात, त्यामुळेही अशी गांध येऊ शकते. त्यांनी शेंगदाणे सोडायचं कारण नाही.

माइटचं मात्र सगळं जुळतं: लक्षणं वर्षभर, सकाळची वेळ, अंथरुणाशी संबंध. माइट म्हणजे धुळीत राहणारा सूक्ष्म जीव, त्याला हवेतला ओलावा लागतो. नागपूरचा कोरडा मे महिना त्याला मानवू नये, पण दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली हवा दमट राहते. म्हणून या घरात गादी-उशांना दाट विणीच्या खोळी, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं आणि कूलर चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवणं, एवढं आधी करून बघावं.

गाजरगवताचं अवघड आहे. ते रिकाम्या प्लॉटवर पावसात माजतं, त्याच दिवसांत घरातला ओलावाही वाढतो. मग पावसाळ्यातला त्रास कुणाचा? हे गांध सांगू शकत नाही. येत्या पावसाळ्यात शिंका घरात जास्त येतात की बाहेर फिरून आल्यावर, याची रोज नोंद ठेवावी लागेल. तोवर त्या रकान्यात ‘अनिश्चित’च लिहावं आणि अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचा कोर्स ठरलाच तर त्यात गाजरगवत घालू नये. याच गवताने मानेवर, चेहऱ्यावर खाज सुटून चट्टे येत असतील, तर ती बहुतेकदा वेगळ्या जातीची, उशिरा उमटणारी अ‍ॅलर्जी असते. तिच्यासाठी पाठीवर पट्ट्या लावून दोन-तीन दिवसांनी बघायची पॅच टेस्ट करतात. प्रिक टेस्टमध्ये ती दिसत नाही.