माल परत आला की जुनं बिल रद्द?

“माल परत आला की जुनं बिल फाडायचं आणि कमी रकमेचं नवीन द्यायचं. क्रेडिट नोटची भानगड कशाला?”

कारण ते बिल समोरच्याच्या वहीत आधीच चढलेलं असतं. तुम्ही फाडलं तरी त्याच्याकडे ते राहतंच, आणि खातं जुळवताना दोघांच्या बाक्या वेगळ्या निघतात. मूळ बिलाला हात न लावता क्रेडिट नोट तेवढीच रक्कम कमी करते.

समजा, 40 नग, दर 250, कर 10 टक्के: बिल 11,000 चं. 6 नग तडकलेले निघाले. मजकूर असा:

“बिल क्र. 214, दि. 3 जून, मधील 40 पैकी 6 नग तडा गेल्याने परत मिळाले. 250 प्रमाणे 1,500, कर 150, एकूण 1,650 आपल्या खात्यात जमा.”

बाकी 9,350. बिलात सूट दिली असेल तर सूट वजा जाता दर धरा. इथे हमखास घोळ होतो.

दर चुकून जास्त लागला असेल तर कारण ‘दरातील फरक’ लिहा, ‘माल परत’ नव्हे. नाहीतर न आलेला माल साठ्यात जमा दिसतो आणि मोजणीत गोदाम कमी भरतं.