थायलंडची गंगाजळी एकट्या सट्टेबाजांनी संपवली?

“१९९७ मध्ये मूठभर परदेशी सट्टेबाजांनी थायलंडची डॉलरची तिजोरी रिकामी केली, हे खरं ना?”

अर्धंच खरं. बाट हे थायलंडचं चलन डॉलरला सुमारे २५ या दराने बांधलेलं होतं. सट्टेबाज २५ कोटी बाट कर्जाने घेऊन १ कोटी डॉलर विकत घेई. दर ३० झाला, की तेच कर्ज सुमारे ८३ लाख डॉलरमध्ये फिटणार. दर टिकला, तर फक्त व्याजाचा भुर्दंड. पण अवमूल्यनाची शंका पसरताच डॉलरमध्ये कर्ज असलेल्या थाई कंपन्याही डॉलर घ्यायला धावल्या. त्यांना सट्टा खेळायचा नव्हता, बुडायचं नव्हतं. ठरलेल्या दराने डॉलर देणं मध्यवर्ती बँकेला भाग होतं, म्हणून जो उशिरा येईल तो महाग घेणार, हे सगळ्यांना कळत होतं. व्याजदर चढे ठेवावेत, तर आधीच डळमळलेल्या वित्तकंपन्या कोसळणार.

बँकेने बरेच डॉलर पुढच्या तारखेला देण्याचे वायदे करून विकले होते, त्यामुळे कागदावर ३० अब्जांहून अधिक साठा दिसत राहिला. ही लपवाछपवी मला सर्वांत घातक वाटते. वायदे वजा केले, तर जूनअखेर ३ अब्जही उरले नव्हते. २ जुलैला बाट मोकळा सोडावा लागला.