कैरीच्या खारातले मीठ मोजताना उरलेली चांदी का मोजतात?

खारवलेल्या कैऱ्यांच्या पाण्यात मीठ किती आहे हे ठरवायचे तर त्यातले क्लोराइड मोजावे लागते. सिल्व्हर नायट्रेट टाकले की क्लोराइडचा पांढरा साका, म्हणजे सिल्व्हर क्लोराइड, खाली बसतो. क्रोमेटच्या दर्शकाने हे सरळ मोजता येते, पण त्यासाठी द्रावण जवळपास उदासीन असावे लागते, आणि खार तर चांगलाच आंबट असतो. जेकब फोल्हार्ड यांनी 1874 मध्ये मांडलेली पद्धत मात्र नायट्रिक ॲसिडमध्येच चालते. तिची युक्ती उलटी आहे. सिल्व्हर नायट्रेट मुद्दाम जास्त घालायचे आणि क्लोराइडला पुरून किती उरले ते थायोसायनेटने मोजायचे.

खार आधी गाळून घ्या. त्यातला 10.00 ग्रॅम वजन करून 500 मिलीच्या प्रमाणित फ्लास्कमध्ये पाण्याने खुणेपर्यंत भरा. यातले 25 मिली, म्हणजे 0.500 ग्रॅम खार, पिपेटने शंकुपात्रात घ्या. त्यात 6 मोलरचे 5 मिली नायट्रिक ॲसिड आणि मग 0.1000 मोलर सिल्व्हर नायट्रेटचे नेमके 25.00 मिली घाला. ॲसिड आधी उकळून गार केलेले हवे. त्यात विरघळलेली नायट्रोजनची ऑक्साइडे थायोसायनेटबरोबर स्वतःच लाल रंग देतात आणि अंत्यबिंदू फसवा ठरतो. ॲसिडच नसेल तर दर्शकातले लोह तपकिरी हायड्रॉक्साइड होऊन बसते.

दर्शक म्हणजे फेरिक ॲलमचे संपृक्त द्रावण, 1 मिली. थायोसायनेट आधी चांदीला धरते आणि पांढरे सिल्व्हर थायोसायनेट होते. चांदी संपली की पुढचा थेंब लोहाला भेटतो आणि द्रावण फिकट तांबूस होते. गडद लाल होईपर्यंत थांबलात तर पुढे गेलात. पहिल्याच थेंबाला टिकाऊ लाली आली, तर चांदी पुरी पडलेली नाही. नमुना कमी घेऊन पुन्हा करा.

खरी अडचण दर्शक घालण्यापूर्वीच मिटवायला हवी. सिल्व्हर थायोसायनेट हे सिल्व्हर क्लोराइडपेक्षा पाण्यात कमी विरघळते. त्यामुळे साका पात्रातच राहिला, तर मोकळे थायोसायनेट त्यातली चांदी ओढून घेते:

AgCl + SCN⁻ → AgSCN + Cl⁻

दोन्ही साक्यांच्या विद्राव्यता गुणाकारांत सुमारे 180 पट फरक आहे. म्हणून द्रावणातले क्लोराइड थायोसायनेटच्या सुमारे 180 पट होईपर्यंत ही ओढाताण थांबत नाही. ब्युरेटपाशी बसलेल्याला ते असे दिसते: लाली येते, पात्र हलवले की विरते, अजून थेंब घालावे तर पुन्हा विरते. हलवायचेच टाळावे, तर साक्याला चिकटलेली चांदी सुटत नाही आणि लाली वेळेआधी येते.

यावर जुना उपाय म्हणजे साका गाळून टाकणे. मिश्रण थोडे उकळा म्हणजे साक्याचे गोळे होतात, गार करून गाळा आणि साका सौम्य नायट्रिक ॲसिडने तीन वेळा धुवा. नुसत्या पाण्याने धुतला तर तो पुन्हा बारीक होऊन कागदातून निसटतो. धुण्याचे पाणी गाळलेल्या द्रावणातच मिसळायचे, कारण त्यातही उरलेली चांदी आहे. गाळण्याऐवजी 2 मिली नायट्रोबेंझीन घालून जोरात हलवण्याची पद्धतही आहे. साक्यावर तेलकट थर चढतो आणि थायोसायनेट आत पोचत नाही. पण नायट्रोबेंझीन विषारी आहे आणि त्वचेतून शरीरात जाते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत गाळणेच बरे.

आता हिशेब. थायोसायनेटची संहती आधी त्याच दर्शकाने ठरवून ठेवा. समजा, 25.00 मिली सिल्व्हर नायट्रेटला ते 25.51 मिली लागले, तर संहती 0.0980 मोलर. खाराच्या नमुन्याला 15.00 मिली लागले:

घातलेली चांदी: 25.00 × 0.1000 = 2.500 मिलिमोल
उरलेली चांदी: 15.00 × 0.0980 = 1.470 मिलिमोल
क्लोराइड: 2.500 − 1.470 = 1.030 मिलिमोल
मीठ: 1.030 × 58.44 = 60.2 मिलिग्रॅम

500 मिलिग्रॅम खारात 60.2 मिलिग्रॅम, म्हणजे 12.0 टक्के.

साका न गाळता घाई केली आणि विरणाऱ्या लालीमागे धावत ब्युरेट 15.60 वर थांबले असे धरा. उरलेली चांदी 1.529 मिलिमोल दिसते, क्लोराइड 0.971 उरते आणि मीठ 11.35 टक्क्यांवर येते. चूक नेहमी याच दिशेने होते, कारण थायोसायनेट जितके वाया जाते तितके क्लोराइड कमी दिसते. ब्रोमाइड मोजताना हा त्रास नाही, कारण सिल्व्हर ब्रोमाइड सिल्व्हर थायोसायनेटपेक्षाही कमी विरघळते.

हळद-तिखटाचा मसाला असलेल्या लोणच्याला मात्र ही पद्धत जशीच्या तशी लावता येत नाही. तो रंग लाली झाकतो. तिथे चांदी घालून झाल्यावर मिश्रण नायट्रिक ॲसिडसह उकळतात आणि थोडे थोडे परमँगनेट टाकून रंग घालवतात. चांदी आधीच घालायची, नाहीतर क्लोराइडचा क्लोरीन होऊन उडून जाईल.