शेजारच्या स्वराकडे बघून बदलणारे तुर्की प्रत्यय

पुण्याचा तो पुणेकर, नागपूरचा तो नागपूरकर, साताऱ्याचा तो सातारकर. गावाच्या नावाची थोडी मोडतोड होते, पण ‘कर’ जागचा हलत नाही. घरात, पुण्यात, साताऱ्यात यांतही तेच होतं. ‘त’ तसाच राहतो आणि त्याला जागा करून देण्यासाठी ‘पुणे’चं ‘पुण्या’ होतं. मराठीत प्रत्ययासाठी शब्द वाकतो.

तुर्कीत बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. शब्द तसाच उभा राहतो आणि प्रत्यय त्याच्याकडे बघून आपला स्वर बदलतो. आपल्या ‘कर’चं काम तिथे एक छोटा प्रत्यय करतो आणि त्याची चार रूपं आहेत. इझमीरचा माणूस इझमीरली, इस्तंबूलचा इस्तंबूललू, आंकाराचा आंकारालऽ आणि कापादोकियातल्या युर्ग्युप गावचा युर्ग्युपल्यू. ली, लू, लऽ, ल्यू हा एकच प्रत्यय आहे. कुठे कोणतं रूप येणार, हे पाठ करावं लागत नाही. ते ऐकून कळतं.

यातले दोन स्वर मराठीत नाहीत, त्यामुळे ते आधी तोंडात बसवायला हवेत. आरशासमोर लांब ‘ई’ म्हणा. जीभ पुढे आलेली असेल आणि ओठ फाकलेले असतील. आता जीभ तिथेच ठेवून फक्त ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा. जो आवाज येईल तो युर्ग्युपमधला स्वर. इथे तो ‘यु’ असा लिहिला आहे, कारण देवनागरीत त्याला अक्षर नाही. प्रत्यक्षात त्यात ‘य’ अजिबात नसतो. मग उलटा प्रयोग करा. ‘ऊ’ म्हणा, जीभ मागेच राहू द्या आणि ओठ सैल सोडून फाकवा. एक दबका, ‘अ’च्या जवळ जाणारा आवाज येईल. तो आंकारालऽमधला शेवटचा स्वर, इथे ‘ऽ’ने दाखवलेला.

म्हणजे तोंडात दोन कळा आहेत. एक जिभेची, पुढे किंवा मागे. दुसरी ओठांची, गोल किंवा फाकलेले. दोन गुणिले दोन, म्हणून चार रूपं. इझमीरमधला शेवटचा ‘ई’ म्हणताना जीभ पुढे आणि ओठ फाकलेले असतात, म्हणून ‘ली’. इस्तंबूलच्या ‘ऊ’ला जीभ मागे आणि ओठ गोल, म्हणून ‘लू’. आंकाराच्या ‘आ’ला जीभ मागे, ओठ मोकळे, म्हणून ‘लऽ’. प्रत्ययाला दोन्ही कळा आधीच्या स्वरानं लावून ठेवल्या तशाच मिळतात. यालाच स्वरसंवाद म्हणतात.

नियम मूळ शब्दांपुरता किंवा जुन्या नावांपुरता नाही. पुणेकराला तुर्की माणूस पुणेली म्हणेल, नागपूरकराला नागपूरलू आणि सातारकराला सातारालऽ. ही गावं त्यानं आयुष्यात ऐकलेली नसली तरी तो अडखळणार नाही. चौथं ‘ल्यू’ मात्र आपल्या गावांच्या वाट्याला येणार नाही, कारण त्यासाठी लागणारा स्वरच मराठीत नाही.

प्रत्यय पूर्ण शब्दाकडे बघतो, असं वाटू शकतं. पण इस्तंबूलचाच भाग असलेलं युस्क्युदार घ्या. यात दोनदा जीभ पुढे आणि ओठ गोल आहेत, तरी तिथला माणूस युस्क्युदारलऽ असतो. शेवटी ‘आ’ आहे आणि प्रत्ययाला तेवढाच ऐकू येतो. त्याचं नातं फक्त शेजाऱ्याशी असतं.

या नियमाची खरी मजा प्रत्ययांची रांग लागते तेव्हा कळते. डोळा म्हणजे ग्योझ. त्यातल्या स्वराला जीभ ‘ए’च्या जागी आणि ओठ ‘ओ’सारखे ठेवायचे. ‘माझा डोळा’ म्हणायचं तर ग्योझ्युम. प्रत्ययातल्या स्वरानं जीभही पुढे ठेवली आणि ओठही गोल ठेवले. आता ‘माझे डोळे’ म्हणायचं आहे, तेव्हा मध्ये अनेकवचनाचा प्रत्यय येईल. त्याची दोनच रूपं आहेत, लेर आणि लार. ग्योझला ‘लेर’ लागतो, ग्योझलेर. इथे ओठांची कळ सुटली. ‘ए’ आणि ‘आ’ हे तोंड उघडून म्हणायचे स्वर आहेत आणि तुर्की प्रत्ययांत अशा उघड्या स्वरांना गोलाई लागत नाही. फक्त ई-ऊसारख्या मिटत्या स्वरांनाच ती लागते. त्यानंतर ‘माझे’ लावा. ग्योझलेरिम, ग्योझलेर्युम नाही. तोच ‘माझा’ प्रत्यय, तोच डोळा, पण मध्ये ‘लेर’ येऊन बसला आणि मूळ शब्दाची गोलाई पुढे पोचलीच नाही. कानात सांगायच्या खेळात मधल्याच कुणी अर्धा निरोप गिळावा, तसं हे आहे. जिभेची अर्धी बातमी पुढे गेली, ओठांची अर्धी वाटेत राहिली.

तुर्कीचीच नातेवाईक असलेली किर्गीझ भाषा इथे वेगळी वागते. तिच्यात डोळा ‘क्योझ’ आणि डोळे ‘क्योझद्योर’. अनेकवचनातही ओठ गोलच. म्हणजे उघड्या स्वराला गोलाई देणं तोंडाला अशक्य नाही. तुर्कीनं ती दिली नाही, एवढंच. ‘हा सगळा जिभेचा आळस आहे’ असं स्पष्टीकरण नेहमी ऐकू येतं, पण ते मला अपुरं वाटतं. सुरुवात उच्चार सोपा करण्यातून झाली असेलही, पण आज हा व्याकरणाचा नियम आहे आणि तो कुठे थांबायचं हे भाषेगणिक ठरतं.

काही प्रत्यय मात्र कुणाचं ऐकत नाहीत. ‘मी येतोय’ म्हणजे गेलियोरुम. ‘गेल’ हा धातू, पुढे चालू वर्तमानकाळाचा ‘योर’ आणि शेवटी ‘मी’साठी ‘उम’. धातूत जीभ पुढे आहे, तरी ‘योर’ आपला ‘ओ’ सोडत नाही. तो एके काळी ‘चालणं’ या अर्थाचं स्वतंत्र क्रियापद होता आणि चिकटल्यावरही त्यानं आपला स्वर जपला. पण त्याच्यामागून येणारा ‘उम’ बघा. तो ‘गेल’ला विसरून ‘योर’चं ऐकतो. न बदलणाऱ्या प्रत्ययापासून रांग नव्यानं सुरू होते.

अरबी-फारसीतून आलेले शब्द मूळ तुर्की शिस्तीत वाढलेले नाहीत. कितापमध्ये (आपलं किताब) पुढचा आणि मागचा स्वर शेजारी नांदतात. प्रत्ययाची त्याला हरकत नाही, शेवटचा ‘आ’ बघून तो कितापलार करतो. नवशिक्याची फजिती दुसरीकडेच होते. ‘हाल’ हा शब्द आपल्यासारखाच तुर्कीनंही अरबीतून घेतला. शेवटी ‘आ’ आहे, मग अनेकवचन हाललार व्हायला हवं, पण होतं हाललेर. फुटबॉलमधल्या गोलचं अनेकवचनही गोललार नाही, गोललेर.

कारण स्वरात नाही, ‘ल’मध्ये आहे. मागच्या स्वरांसोबतचा नेहमीचा तुर्की ‘ल’ म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचललेला असतो आणि तो जड ऐकू येतो. हाल, गोल अशा उसन्या शब्दांतला ‘ल’ पातळ आहे, जीभ पुढे आणून म्हटलेला. स्वर मागचा असूनही शब्द संपताना जीभ पुढे आलेली असते आणि प्रत्यय तिथूनच पुढे निघतो. लिहिताना दोन्ही ‘ल’ना एकच अक्षर असल्यामुळे हे नुसतं वाचून कधीच कळत नाही. तो ‘ल’ तुर्की माणसाच्या तोंडून ऐकावा लागतो.