किमान मतमर्यादा आणि वाया जाणारी मते

प्रमाणशीर प्रतिनिधित्वात पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. मात्र बहुतेक देशांनी त्याला एक अट जोडली आहे: ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी मते मिळालेल्या पक्षाला जागावाटपात धरायचेच नाही. या अटीला किमान मतमर्यादा म्हणतात. अट पूर्ण न करणाऱ्या पक्षांची मते मोजली जातात, जाहीरही होतात, पण एकही प्रतिनिधी निवडून देत नाहीत. ती वाया गेलेली मते. मर्यादा जर्मनीत ५ टक्के आहे, इस्राएलमध्ये २०१४पासून ३.२५ टक्के. नेदरलँड्समध्ये १५० जागांपैकी एका जागेपुरती, म्हणजे एकूण मतांच्या दीडशेव्या भागाइतकी मते पुरतात.

या अटीचे टोकाचे रूप तुर्कस्तानात दिसले. १९८०च्या लष्करी उठावानंतर १९८३मध्ये केलेल्या निवडणूक कायद्याने तिथे देशभरातील मतांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. १९७०च्या दशकात आघाडीची सरकारे एकामागून एक कोसळली होती. पुन्हा तसे होऊ नये, संसदेत थोडे आणि मोठे पक्ष असावेत, हे कारण त्यासाठी दिले गेले. तुर्की भाषेत या मर्यादेला ‘बाराज’ म्हणतात. त्याच शब्दाचा अर्थ धरण असाही आहे.

या बाराजमध्ये एक मेख होती. मर्यादा देशपातळीवर मोजायची, जागा मात्र प्रांतनिहाय वाटायच्या. एखाद्या प्रांतात पक्ष कितीही बलवान असला तरी देशभरात १० टक्के मते नसतील, तर त्या प्रांतातली त्याची सर्व मते बाजूला काढली जात आणि जागा उरलेल्या पक्षांत वाटल्या जात. म्हणजे मते केवळ वाया जात नव्हती, तर त्यांच्या वाट्याच्या जागा त्यांच्याच प्रतिस्पर्ध्यांना मिळत होत्या.

३ नोव्हेंबर २००२च्या निवडणुकीत आग्नेय टोकावरच्या शिर्नाक या कुर्दबहुल प्रांतात काय झाले, ते पाहिले की यंत्रणा समजते. प्रांताला तीन जागा होत्या. कुर्द राजकारणाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या देहाप पक्षाला तिथे ४७,४४९ मते पडली, म्हणजे सुमारे ४६ टक्के. न्याय आणि विकास पक्षाला (एकेपी) १४,४६० मते होती, सुमारे १४ टक्के. एका अपक्ष उमेदवाराला ९,९१४ मते मिळाली, म्हणजे १० टक्क्यांहूनही थोडी कमी.

जागावाटप डी’ओंट पद्धतीने होते. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३ असे भागत जायचे आणि येणाऱ्या भागाकारांपैकी सर्वांत मोठ्यांना जागा द्यायच्या. मर्यादा नसती तर देहापचे भागाकार ४७,४४९, २३,७२४ आणि १५,८१६ असे आले असते. तिसरा भागाकारसुद्धा एकेपीच्या पूर्ण १४,४६० मतांपेक्षा मोठा आहे. शिर्नाकच्या तीनही जागा देहापच्या होत्या.

पण देशभरात देहापला सुमारे ६.२ टक्केच मते पडली, त्यामुळे तो हिशेबातून बाद झाला. मग एकेपीचे भागाकार राहिले १४,४६० आणि ७,२३०. अपक्षांना देशव्यापी मर्यादा लागू नव्हती, त्यामुळे ९,९१४ मते असलेला अपक्षही वाटपात आला. पहिली जागा एकेपीची, दुसरी अपक्षाची आणि तिसरी पुन्हा एकेपीची. प्रांतातील जवळजवळ निम्म्या मतदारांनी निवडलेल्या पक्षाला शून्य, आणि सातातल्या एका मतदाराने निवडलेल्या पक्षाला दोन तृतीयांश जागा. प्रमाणशीर या शब्दाचा अर्थ इथे पूर्ण उलटा झाला आहे.

देशाचे चित्रही याच वळणाचे होते. अठरा पक्षांपैकी फक्त दोघांनी बाराज ओलांडला. एकेपीला ३४.३ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या, म्हणजे ६६ टक्के. रिपब्लिकन पीपल्स पक्षाला (सीएचपी) १९.४ टक्के मतांवर १७८ जागा मिळाल्या. उरलेल्या नऊ जागा अपक्षांच्या. सुमारे ४५ टक्के मतदारांचा एकही प्रतिनिधी संसदेत नव्हता. ‘खरा मार्ग’ पक्षाला ९.५४ टक्के मते होती, दीड लाखापेक्षा कमी मतांनी तो हुकला आणि तीस लाख मते वाया गेली. राज्यघटना बदलायला लागणाऱ्या दोन तृतीयांश बहुमतापासून, म्हणजे ३६७ जागांपासून, सत्ताधारी पक्ष अवघा चार जागा दूर होता. त्याला तितका मोठा जनाधार मिळाला नव्हता, इतरांची मते गळाली होती, हे त्या निकालाबद्दल बोलताना नेहमी लक्षात ठेवायला हवे.

भारतीय वाचकाला या आकड्यांची कल्पना यावी म्हणून एक तुलना. २०१४च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १० टक्क्यांहून अधिक मते फक्त भाजपला (सुमारे ३१ टक्के) आणि काँग्रेसला (सुमारे १९ टक्के) होती. शिवसेनेला देशभरातील २ टक्क्यांहूनही कमी मतांवर १८ जागा मिळाल्या, कारण तिची मते महाराष्ट्रात एकवटलेली होती आणि आपल्याकडे मतदारसंघात पहिला येणारा जिंकतो. तुर्कस्तानची अट इथे असती तर शिवसेनाच नव्हे, तामिळनाडूपासून बंगालपर्यंतचा प्रत्येक प्रादेशिक पक्ष बाद झाला असता. बहुमत पद्धत विखुरलेल्या छोट्या पक्षाला मारते आणि एकवटलेल्याला जगवते. देशव्यापी मर्यादा दोघांनाही सारखीच मारते, आणि एकवटलेल्या अल्पसंख्य समाजाला तर बहुमत पद्धतीपेक्षाही जास्त महाग पडते.

शिर्नाकमधून देहापतर्फे उभे राहिलेले मेहमेत युमाक आणि रेसुल सादाक यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. ८ जुलै २००८ रोजी मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: १० टक्के ही मर्यादा जास्तच आहे, पण मुक्त निवडणुकीच्या हक्काचा भंग झालेला नाही. अपक्ष म्हणून उभे राहणे किंवा मोठ्या पक्षाशी हातमिळवणी करणे या वाटा छोट्या पक्षांना मोकळ्या आहेत, हा निकालातला महत्त्वाचा आधार होता. मला हा तर्क लंगडा वाटतो. पक्ष म्हणून मिळणारा न्याय पक्षाचे नाव टाकून दिल्यावरच मिळत असेल, तर मुळात दोष मर्यादेतच आहे.

ती अपक्षांची वाट कुर्द राजकारण्यांनी प्रत्यक्षात चोखाळली. २००७मध्ये त्यांचे वीसेक उमेदवार अपक्ष म्हणून निवडून आले आणि संसदेत गेल्यावर पुन्हा पक्षाचा गट म्हणून बसले. गटाला किमान २० सदस्य लागतात. २०११मध्ये ही संख्या पस्तिसच्या आसपास गेली. पण या वाटेत मतांची वेगळीच नासाडी होते. पक्षाच्या यादीतली सगळी मते एकत्र येतात, अपक्षाची जादा मते मात्र त्याच्याच नावावर पडून राहतात. एका प्रांतात तीन अपक्ष उभे केले तर कोणत्या भागाने कोणाला मत द्यायचे, हे आधी ठरवून घरोघरी सांगावे लागते. वाटणी चुकली की एकाला गरजेच्या दुप्पट मते पडतात आणि दुसरा थोडक्यात पडतो.

मर्यादेचा आणखी एक परिणाम मतमोजणीच्या आधीच होतो. पक्ष मर्यादा ओलांडेल की नाही अशी शंका असली की मतदार त्याला सोडून दुसऱ्या पसंतीकडे वळतो. देणगीदार आणि चांगले उमेदवारही तेच करतात. म्हणून निकालात दिसणारी वाया गेलेली मते हे नुकसानाचे पूर्ण माप नव्हे. भीतीने आधीच दुसरीकडे गेलेली मते कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत. एखाद्या देशात वाया मतांचे प्रमाण कमी असेल, तर मर्यादा निरुपद्रवी आहे असे लगेच मानू नये. कदाचित छोटे पक्ष आधीच संपलेले असतील.

उलटा वाराही वाहतो. जून २०१५मध्ये कुर्दांच्या एचडीपी पक्षाने अपक्षांची वाट सोडून पक्ष म्हणून उभे राहण्याचा धोका पत्करला. तो हुकला असता तर आग्नेय भागातल्या त्याच्या बहुतेक जागा एकेपीला गेल्या असत्या. हे गणित ओळखून कुर्द नसलेल्या अनेक विरोधी मतदारांनीही त्याला मत दिले. अशा मतांना तुर्कीत ‘एमानेत ओय’ म्हणतात. एमानेत म्हणजे आपल्याकडची अमानत, विश्वासाने सोपवलेली ठेव. पक्षाला १३.१ टक्के मते आणि ८० जागा मिळाल्या. एकेपीला ४०.९ टक्के मते असूनही जागा २५८वर आल्या आणि बहुमताच्या २७६पासून तो दूर राहिला. म्हणजे २००२पेक्षा साडेसहा टक्के मते जास्त, तरी १०५ जागा कमी. फरक मुख्यतः इतर पक्षांची किती मते वाया गेली याचा होता.

जर्मनीची ५ टक्क्यांची मर्यादाही कठोर ठरू शकते. २०१३मध्ये तिथे सुमारे १५.७ टक्के मते वाया गेली. २०२५मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर थांबला, दहा हजारांहून कमी मतांनी हुकला. पण तिथे अल्पसंख्यांसाठी एक दार ठेवलेले आहे. राष्ट्रीय अल्पसंख्य समाजांच्या पक्षांना मर्यादा लागू नाही, त्यामुळे उत्तरेतल्या डॅनिश आणि फ्रिजियन समाजांचा एसएसडब्ल्यू पक्ष २०२१मध्ये ०.१ टक्का मतांवर एक जागा घेऊ शकला. कुर्द मतदारांना तुर्की कायद्यात अशी सोय कधीच नव्हती.

तुर्कस्तानात बदल आला तो वेगळ्या दारातून. २०१८मध्ये निवडणूकपूर्व आघाड्यांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि मर्यादा आघाडीच्या एकत्रित मतांवर मोजली जाऊ लागली. २०२२मध्ये ती ७ टक्क्यांवर आणली गेली. त्याच दुरुस्तीने आघाडीतल्या प्रत्येक पक्षाच्या जागा त्याच्या स्वतःच्या प्रांतनिहाय मतांवर ठरू लागल्या. २०२३मध्ये तुर्की कामगार पक्षाला देशभरात २ टक्क्यांहून कमी मते असूनही, आघाडीत असल्यामुळे, चार जागा मिळाल्या. आघाडीबाहेर एकट्याने उभ्या राहणाऱ्या पक्षाला मात्र आजही पूर्ण ७ टक्के मते मिळवावी लागतात.